कामवाल्या मावशींचा दिवाळी बोनस आणि सुट्ट्या: आधी नियम ठरवा, मग दिवाळी येऊ दे

नवीन घर लागलं, दोघंही नोकरीवाले, केर-फरशी-भांड्यांना एक मावशी आणि पोळी-भाजीला एक काकू लावल्या, पगार ठरला, सगळं छान. मग ऑक्टोबर उजाडतो आणि मावशी भांडी घासता घासता सहज विचारतात, "ताई, दिवाळीचं काय देणार?" त्या वेळी आपण गडबडतो, शेजारणीला मेसेज टाकतो, ती एक आकडा सांगते, आई फोनवर दुसराच सांगते, आणि शेवटी त्या दिवशी मूड कसा आहे आणि खात्यात किती उरलेत त्यावर रक्कम ठरते. पुढच्या वर्षी ती कमी करता येत नाही आणि का दिली तेही आठवत नाही. पुण्यात फ्लॅट घेतल्यावर पहिली दोन वर्षं मी हेच केलं. नंतर जे बसवलं ते खाली सांगते. हे रोज येऊन-जाऊन काम करणाऱ्या बायकांबद्दल आहे, चोवीस तास घरात राहणाऱ्या मदतनीसांचा हिशोब वेगळा असतो.

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण कोणीतरी विचारतंच. कायद्यातला बोनस कारखाने-कंपन्यांसाठी आहे, आपल्या घराला तो लागू होत नाही. महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते (मावशींची झालेली नसेल तर त्यांना जरूर सांगा), पण बोनस किती द्यायचा याचं बंधन आपल्यावर येत नाही. मग "एक पगार" आला कुठून, तर रिवाजातून. पुण्यात मोलकरणींचा संप 1980 साली झाला, संघटना तेव्हापासून आहे, आणि दिवाळीला एक पगार ही अपेक्षा आता इथे बऱ्यापैकी पक्की झालेली आहे. गंमत म्हणजे कंपन्यांसाठी कायद्यात जो किमान 8.33 टक्के बोनस आहे तो म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एक पगारच. दोन्हीकडून आकडा तोच येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

स्टेप 1: पगार ठरवतानाच 13 ने गुणा

परवडणं न परवडणं ऑक्टोबरमधे ठरत नाही, ते काम लावतो त्या दिवशी ठरतं. आपण महिन्याचा आकडा बघतो, 5,000 ना, ठीक आहे, जमेल. पण वर्षाचा खर्च 5,000 गुणिले 12 नाही, गुणिले 13 आहे, म्हणजे 65,000. समजा तुमची वर्षाची ऐपत 60,000 ची आहे, तर 60,000 भागिले 13, साधारण 4,600 येतात. तर बोलणी 4,600 अधिक दिवाळीला एक पगार अशी करा. 5,000 कबूल करून दिवाळीला हात आखडता घेण्यापेक्षा हे दोघांनाही बरं पडतं. आणि खरंच एक पगार जमणार नसेल तर अर्धा द्या, पण तोही पहिल्याच दिवशी सांगून. पहिल्या दिवशी कमी सांगितलं तर ती विचार करून हो किंवा नाही म्हणते, दिवाळीच्या तोंडावर कमी दिलं तर तिला ते फसवल्यासारखंच वाटणार.

मग दर महिन्याला पगार दिला की लगेच त्याचा बारावा भाग वेगळा काढून ठेवायचा. दोघींचे मिळून 8,000 जात असतील तर 667 रुपये. मी बँकेत एक छोटं आवर्ती खातं काढलंय, आई डब्यात ठेवायची, कुठेही ठेवा पण भाजीच्या पैशांत मिसळू नका.

स्टेप 2: बोनसचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरा

हे मला ठेच लागून कळलं. मी आधी "मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत" असं मोजायचे. पण दिवाळी सरकते. 2025 चं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 चं 8 नोव्हेंबरला, कारण मधे अधिक ज्येष्ठ आला, म्हणजे मधलं अंतर 383 दिवसांचं. आणि 2027 चं 29 ऑक्टोबरला, म्हणजे जेमतेम 355 दिवस. एका वर्षी जवळजवळ तेरा महिने आणि पुढच्या वर्षी बारालाही कमी, मग कोणी मधेच लागलेलं असेल तर महिने मोजताना डोकं फिरतं. 30 सप्टेंबरला हिशोब बंद केला की दिवाळी कितीही लवकर आली तरी त्याच्या पुढेच असते.

त्या वर्षात जितके महिने काम, तितके बारावे भाग. अर्धवट महिन्यासाठी माझा नियम सोपा आहे, त्या महिन्यात निम्म्याहून जास्त दिवस ती कामावर होती तर पूर्ण महिना धरायचा, नाहीतर सोडायचा. पगार सप्टेंबरमधे जो चालू असेल तो धरायचा, सरासरी काढत बसायचं नाही. आणि शेवटचा आकडा वरच्या शंभरावर न्यायचा.

आता आमच्या घरचा यंदाचा, म्हणजे ऑक्टोबर 2025 ते सप्टेंबर 2026 चा हिशोबच मांडते. भांडी-फरशीच्या मावशी पूर्ण वर्ष होत्या, पगार 2,700 होता, एप्रिलपासून 3,000 केला. सरासरीने 2,850 आले असते, पण मी सप्टेंबरचा पगार धरते म्हणून सरळ 3,000. दीडशे रुपयांसाठी "एक पगार" या शब्दाला बट्टा लावायचा नाही, कारण त्यांना तो शब्द कळतो, सरासरी नाही. पोळ्यांच्या आधीच्या काकूंनी जानेवारी संपताना काम सोडलं, मुलाची बदली झाली म्हणून, महिनाभर आधी सांगून. त्यांचा पगार 4,800, चार महिने झाले होते, तर 4,800 चे चार बारावे भाग म्हणजे 1,600, ते शेवटच्या पगाराबरोबर तेव्हाच दिले. नव्या काकू 10 फेब्रुवारीला लागल्या, फेब्रुवारीचे 19 दिवस आले म्हणून तो महिना पूर्ण धरला, सप्टेंबरपर्यंत आठ महिने, पगार 5,000, हिशोबाने 3,333 होतात, दिले 3,400. एकूण 8,000. माझ्या वेगळ्या खात्यात दर महिन्याचे बारावे भाग मिळून 7,783 होते, म्हणजे 217 कमी पडले, त्यातले 150 मावशींच्या पगारवाढीचे आणि 67 शंभरावर नेण्याचे. दोनशे रुपयांचा फरक, घरखर्चातून भागला. पगारवाढ केली की पुढच्या महिन्यांत पन्नासेक रुपये जास्त टाका, एवढाच धडा.

कोणी ऑगस्टमधे लागली तर? दोन बारावे भाग, 3,000 च्या पगारावर 500 रुपये. हिशोबाला बरोबर, पण समोरच्या घरून तिला पूर्ण पगार मिळतो आणि आपण पाचशेची नोट पुढे करतो, ते काही बरं दिसत नाही. म्हणून मी कमीत कमी तीन महिन्यांचं धरते, म्हणजे 750, वर शंभरावर नेऊन 800. एका वर्षाचाच प्रश्न असतो, आणि आपल्याला तीनशे रुपये पडतात.

सोडून जाणारीला बोनस द्यायचा का यावर घरोघरी वाद आहेत. माझं मत स्पष्ट आहे, झालेल्या महिन्यांचा बोनस तिचा आहे, पंधरा दिवस आधी सांगून गेली तर द्यायचा. न सांगता गायब झाली तर मी देत नाही, आणि हेही पहिल्या दिवशी सांगून ठेवते. काही जण "बोनस घेऊन पळतात" या भीतीने अर्धा दिवाळीला देतात आणि अर्धा तुळशीच्या लग्नानंतर. असं केलं की ती थांबते ती फक्त उरलेल्या अर्ध्यासाठी, आणि तुमच्याबद्दल बिल्डिंगभर काय बोललं जातं ते तुम्हाला कळतही नाही.

स्टेप 3: सुट्ट्यांचे तीन वेगळे कप्पे

इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण आपण सगळ्याला एकच शब्द वापरतो, खाडा. गावची जत्रा असो, ताप असो, नाहीतर आपणच गोव्याला गेलो म्हणून घर बंद असो, कॅलेंडरवर गोल एकसारखाच. तर तीन कप्पे करा.

पहिला, महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या. मी दोन देते. न घेतलेल्या साठतात, पण जास्तीत जास्त सहा, त्यापुढे नाही. साठवू देण्याचं कारण म्हणजे चैत्र-वैशाखात गावची जत्रा आणि लग्नसराई असते आणि तेव्हा तिला एकदम पाच-सहा दिवस लागतातच, साठलेल्या असल्या की ती आधी सांगते, नसल्या की "सासूबाई आजारी आहेत" होतं. सासूबाई वर्षातून तीनदा आजारी पडायला लागल्या की समजायचं आपला सुट्टीचा नियम चुकलाय.

दुसरा, सणाच्या सुट्ट्या, वर्षाला पाच, पहिल्या दोनांपेक्षा वेगळ्या, आणि कोणत्या ते तिने निवडायचं. हे "तिने" फार महत्त्वाचं आहे. आपण आपल्या घरचे सण धरून यादी करतो, पण तिच्या घरचं वर्ष वेगळं असतं. मावशींना नागपंचमीला माहेरी जायचं असतं आणि त्यांच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. आधीच्या काकूंना 14 एप्रिल आणि 6 डिसेंबर हवे असायचे, 6 डिसेंबरला त्या दादरला चैत्यभूमीला जायच्या, म्हणजे आदला दिवसही जायचा. समोरच्या घरी येणाऱ्या आपांना ईद, आणि ती चंद्रावर असल्याने एक दिवस मागेपुढे होऊ शकते, ते गृहीत धरा, आदल्या रात्री फोन आला म्हणून चिडू नका. कोकणातली असेल तर गणपतीला पाचही सुट्ट्या एकदम जातील आणि वर साठलेल्याही, चालू द्या, तिच्यासाठी तीच दिवाळी आहे. जानेवारीत नवीन कालनिर्णय टांगलं की त्याच दिवशी बसून तिचे पाच दिवस खुणा करून घ्यायचे, मी लाल पेनाने तिचे, निळ्याने आमचे प्रवास.

आता खरी अडचण. गौरी तुमच्याकडेही आहेत आणि तिच्याकडेही, पुरणपोळी दोन्हीकडे, आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्हाला तिची सगळ्यात जास्त गरज. तिला या म्हणू नका. गौरीजेवणाच्या दिवशी आमच्याकडे मावशी येत नाहीत, त्याऐवजी आदल्या दिवशी संध्याकाळी एक फेरी जास्त मारतात आणि जेवणाची भांडी दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या जास्तीच्या फेरीचे पैसे वेगळे. दिवाळीतही तसंच, लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज त्यांची सुट्टी, ही दोन मी त्यांच्या पाचांतून धरत नाही, पाडव्याला फक्त सकाळी. कोणी स्वतःहून येते म्हणाली तर त्या दिवसाचा वेगळा रोज किंवा नंतर बदली सुट्टी, तिने सांगायचं काय हवं.

तिसरा कप्पा म्हणजे आपण घरी नाही ते दिवस. आम्ही मे महिन्यात बारा दिवस गावाला गेलो, घर बंद. हे दिवस ना तिच्या सुट्टीत धरायचे ना पगारातून कापायचे. ती यायला तयार होती, दार आपण लावलंय. मी पहिल्या वर्षी "तुम्हाला बारा दिवस आराम मिळाला ना, मग या महिन्याच्या दोन सुट्ट्या त्यात धरू" असं म्हणाले होते, मावशी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या महिन्यात बरोबर न सांगता दोन दिवस आल्या नाहीत. हिशोब त्यांनी त्यांच्या पद्धतीने पूर्ण केला.

स्टेप 4: जास्तीचे खाडे, आणि कापायचे तर किती

सगळे कप्पे संपल्यावर जे दिवस जास्त होतात ते बिनपगारी, हे आधी सांगितलेलं असेल तर कोणी वाद घालत नाही. कापताना पगार 30 ने भागा. 3,000 चा दिवस 100 रुपये. पण जास्तीचं काम करायला बोलावलं तर 26 ने भागा, म्हणजे साधारण 115. दोन्ही वेळी थोडं तिच्या बाजूने झुकतं आणि फरक पंधरा रुपयांचा. उलटं केलंत, म्हणजे कापताना 26 आणि देताना 30, तर तिला ते पहिल्याच महिन्यात कळतं, पाच घरांचे हिशोब ती तोंडी ठेवते.

आजारपण मी वेगळं ठेवते. ताप-बिप महिन्याच्या दोनांत जातं. पण हॉस्पिटल, ऑपरेशन असं काही झालं तर पंधरा दिवसांपर्यंत अर्धा पगार, त्या काळात बदली बाई आपण शोधतो आणि तिचे पैसे आपण देतो. हा एकच प्रसंग आहे जिथे सुट्टी खरोखर खिशाला लागते. बाकी भरपगारी सुट्ट्यांचा खर्च म्हणून लोक घाबरतात, पण नीट बघा, ती दोन दिवस आली नाही तर जास्तीचा एक रुपयाही जात नाही, भांडी आपण घासतो एवढंच. लहान मूल सांभाळायला ताई असतील तर मात्र गणित बदलतं, कारण त्यांच्या सुट्टीला आपली ऑफिसची सुट्टी जाते, म्हणून तिथे तारखा आधी ठरवणं आणि बदली माणूस माहीत असणं जास्त गरजेचं, दिवस कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही.

बदलीचं अजून एक, जावेला किंवा मुलीला पाठवते असं ती म्हणाली तर तो दिवस सुट्टीत धरायचा नाही, काम झालंय. जावेचे पैसे त्या दोघी आपसात बघतात. शाळेत जाणारी लहान पोरगी पाठवली तर मात्र मी परत पाठवते आणि तो दिवस सुट्टीत टाकते, यावर आमची एकदा कुरबूर झाली होती, पण ठीक आहे.

स्टेप 5: बोनसला इतर कशातही मिसळू नका

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. दुसऱ्या वर्षी मावशींचे खाडे बरेच झाले होते, मी वही काढली आणि बोनसमधून नऊ दिवस कापले. पण त्यातल्या सहा दिवसांचे पैसे मी त्या त्या महिन्यात आधीच कापलेले होते! म्हणजे एकाच खाड्याची दोनदा वसुली, आणि ती मला मावशींनी दाखवून दिली, वही न बघता. तेव्हापासून खाड्याचा हिशोब महिन्यातच संपतो, बोनसपर्यंत येत नाही. एखाद्या महिन्यात ती निम्म्याहून जास्त दिवस आलीच नाही तर तो महिना वरच्या नियमाने आपोआप गळतो, तेवढं पुरे.

उचलीचंही तसंच. जूनमधे शाळेच्या फीसाठी 4,000 उचल घेतली असेल तर ती दर महिन्याला 500 अशी पगारातून वळती करा. "दिवाळीत फिटेल" असं दोघींनी म्हटलं की दिवाळीला तिच्या हातात काही पडत नाही, आणि हो म्हणालेली असली तरी तिचं तोंड उतरतं. तिनेच आग्रह केला तर फार तर अर्ध्या बोनसपर्यंत.

साडी आणि फराळ हे पण बोनसमधे धरू नका. पूर्वी पोस्त म्हणून जे द्यायचे त्यात नारळ-फराळ-खुर्दा सगळं एकत्र असायचं, त्याची सवय अजून काही घरांत आहे, "साडी दिली ना 800 ची, मग वर 2,200" असा हिशोब होतो. तिला साडीचा रंग आवडलाय की नाही हे कोणी विचारलेलं नसतं. साडी द्यायची तर वेगळी द्या, नाही जमत तर देऊ नका, फराळाचा डबा पुरे, फक्त तो भाऊबीज झाल्यावर उरलेला चिवडा भरून देऊ नका बाई, पहिल्या घाण्यातला काढून ठेवा.

पगारवाढही दिवाळीला करू नका. एकाच महिन्यात बोनस, वाढ आणि आपली स्वतःची खरेदी आली की आपण तिन्हीकडे हात आखडता घेतो. एप्रिलमधे वाढ, ऑक्टोबरमधे बोनस, एकमेकांपासून लांब.

आणि दोघी-तिघी कामाला असतील तर त्या आपसात बोलणार, हे धरूनच चाला. काकूंना 3,400 आणि मावशींना 3,000 असं ऐकल्यावर मावशींना वाटू शकतं की आपण जुन्या असून कमी. तेव्हा आकडा न सांगता नियम सांगा, "मावशी, तुम्हाला पूर्ण पगार, त्यांना आठच महिन्यांचं." आमच्याकडे एवढ्या एका वाक्यावर विषय संपला. शेजारीण दोन पगार देते म्हणाली तर तिचं तिला, कदाचित तिने वर्षभर पगार वाढवलेला नसेल, आपल्याला माहीत नसतं.

स्टेप 6: कधी आणि कसा द्यायचा

वसुबारसेच्या दिवशी नाही, त्याच्या दहा-बारा दिवस आधी. तिलाही पोरांचे कपडे घ्यायचे असतात, रवा-बेसन-तेल भरायचं असतं आणि शेवटच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नसते. यंदा मी 25 ऑक्टोबर ठरवला होता, ऑक्टोबरचा पगार त्यानंतर नेहमीसारखा एक तारखेला, दोन्ही एकत्र केले की बोनस पगारात विरघळून जातो आणि तिला दिल्यासारखं वाटत नाही. महिन्याला ओढाताण होत असेल तर अर्धा गौरी-गणपतीला आणि अर्धा दिवाळीला असंही चालतं, बऱ्याच जणींना ते उलट आवडतं, फक्त आधी विचारा.

देण्याआधी अजून एक विचारा, रोख हवे की फोनवर. आमच्या मावशींचा फोन नंबर नवऱ्याच्या खात्याला जोडलेला आहे, मी पहिल्या वर्षी सवयीने फोनवरून पाठवले आणि मोकळी झाले. ते पैसे त्यांना दिसले दोन दिवसांनी, अर्धे. आता पाकीट देते, पाकिटावर पेनाने लिहून, "ऑक्टोबर ते सप्टेंबर, 12 महिने, 3,000." मावशींना वाचता येत नाही पण त्यांची मुलगी नववीत आहे, ती घरी वाचून दाखवते, आणि मागच्या वर्षीचं पाकीट त्यांनी अजून ठेवलंय म्हणे, यंदाचा आकडा त्याच्याशी लावून बघायला.